पाचव्या प्रश्नाची स्वच्छ प्रत

मी उद्धव देशकर. एकतीस वर्षं अमरावतीत शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून अंबापेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून टायपिंग करतो. साधं टायपिंग नाही, बाप्पा. गणिताचं. अपूर्णांकाखाली अपूर्णांक, त्याच्यावर वर्गमूळ, बाजूला आकृती, आणि सगळं एका ओळीत सरळ. आपल्या गावात हे काम नीट करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच, आणि त्यातला पहिला मी, असं मीच लोकांना सांगत फिरायचो. आता सांगत नाही.

काम यायचं ते मुख्यतः क्लासवाल्यांकडून. त्यांचे मास्तर घाईघाईत उत्तरपत्रिका खरडतात, चिन्ह चुकवतात, मधली पायरी गिळून टाकतात. मी टाइप करता करता ते सगळं दुरुस्त करायचो. विचारायचं काय त्यात? फोन करा, तो उचलणार नाही, उचलला तर म्हणणार, ‘सर, तुमीच पाहून घ्या ना.’ मग मीच पाहून घ्यायचो. कधी कधी अख्खी रीतच भिकार असायची, ती काढून चांगली घालायचो. कोणी कधी तक्रार केली नाही. उलट, ‘देशकर सरांच्या हातून गेलं म्हणजे डोळे मिटून छापा,’ असं म्हणायचे. हे ऐकून ऐकून माणूस फुगतो. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

गेल्या जुलैत गीतांजलीचा फोन आला. गीतांजली माझी जुनी विद्यार्थिनी. मूर्तिजापूरला ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते, म्हणजे वर्ष संपलं की नोकरीही संपली, पुढच्या वर्षी बोलावतील तर बोलावतील.

“सर, एक पोरगी पाठवून राहिली तुमच्याकडे,” ती म्हणाली. “अकरावीत आहे. निधी गणोरकर. एवढ्या वर्षांत अशी पोरगी माझ्या वर्गात आली नाही.”

बंगळुरूकडच्या एका संस्थेनं गणितासाठी निवासी योजना काढली होती. दोन वर्षं तिथं राहायचं, शिकायचं, सगळं त्यांच्याकडून. अट एवढीच, की पोर अकरावीत हवं. म्हणजे आयुष्यात एकदाच अर्ज करता येतो. त्यांनी पाच प्रश्न दिले होते. घरी बसून, वाटेल तेवढा वेळ घेऊन सोडवायचे. मग हातानं लिहिलेले कागद जसेच्या तसे स्कॅन करून पाठवायचे, आणि सोबत टाइप केलेली स्वच्छ प्रत. टाइप कोणीही करून द्यावं. पण नियम होते, आणि गीतांजलीनं ते छापून, हिरव्या पेनानं खुणा करून पाठवले होते. टंकलेखकानं शुद्धलेखन सुधारावं, भाषा सरळ करावी, आकृती नीट काढावी. रीत बदलू नये. पायरी घालू नये, गाळू नये. काही चूक वाटली, समजलं नाही, तर त्या ठिकाणी चौकट काढून ‘टंकलेखकाची शंका’ म्हणून लिहावं आणि पुढं जावं. शेवटी टंकलेखकानं सही करायची, की मी विद्यार्थ्याची रीत बदललेली नाही.

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. नाही वाचलं असं म्हणायलाही मला जागा नाही.

रविवारी सकाळी बाप आणि लेक पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून ऑटोनं घरी आले. बापाचं नाव सहदेव. मूर्तिजापूरच्या अलीकडे दोन एकरांत झेंडू आणि शेवंती लावतो, मध्ये वांगी. येताना माझ्या देवघरासाठी पसाभर शेवंती आणली होती, ती अनुपमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, लगेच ताटलीत काढून घेतली. पोरगी बारीक, दोन वेण्या, पायात बापाच्याच मापाची वाटावी अशी चप्पल. बोलणं जवळजवळ नाहीच. फाइल छातीशी धरून बसलेली.

“दोन दिवस वावरात खुंट्या गाडून बसली होती पोट्टी,” सहदेव म्हणाला. “अर्ध्या खुंट्याइले लाल चिंध्या, अर्ध्याइले निळ्या. सुतळ्या बांधे, सोडे, बांधे, सोडे. इची माय, बेबी, म्हणे, इचं डोकं फिरलं का काय! मी म्हटलं राहू दे, अभ्यास असन.”

“बाबा, चूप बसा ना,” पोरगी पुटपुटली.

मी फाइल उघडली आणि मनात म्हटलं, अरे देवा. असे कागद मी आयुष्यात पाहिले नव्हते. पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीनं लिहिलेलं, त्यावर पेनानं, त्यावर खाडाखोड. बाण एका पानावरून निघून दुसऱ्या पानावर जात होते. समासात उभं लिहिलेलं, कोपऱ्यात उलटं लिहिलेलं. एका ठिकाणी चहाच्या कपाचा गोल डाग, आणि तो वाया जाऊ नये म्हणून तिनं त्याचंच वर्तुळ करून त्यात त्रिज्या काढलेली. मला हसू आलं.

“शुक्रवारपर्यंत करून ठेवतो,” मी म्हटलं. “शनिवारी पाच वाजेपर्यंत पाठवायचं आहे ना? होऊन जाईल.”

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “सर, काही वाचता नाही आलं तं फोन कराल. बाबाचा नंबर पहिल्या पानावर हाय.”

“करतो, करतो.”

पहिले चार प्रश्न मजेत गेले. खरं सांगतो, त्या चार दिवसांत मी तिच्या प्रेमातच पडलो, म्हणजे तिच्या डोक्याच्या. तिची वाक्यं वेडीवाकडी होती, पण विचार सरळ जायचा. जिथे पुस्तकं दहा ओळी घेतात तिथे ती दोन ओळींत पोचायची. मी अनुपमाला स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवत होतो. ती बिचारी पोळ्या लाटता लाटता “वा वा” म्हणत होती, कळत काही नव्हतं.

मग पाचवा प्रश्न आला.

प्रश्न सांगतो, गणित येत नसलं तरी समजेल. जमिनीवर काही लाल खुंट्या ठोका आणि तेवढ्याच निळ्या. कशाही ठोका, फक्त तीन खुंट्या एका रेषेत यायला नको. आता प्रत्येक लाल खुंटी एकेका निळीला सरळ सुतळीनं जोडायची, पण कोणतीही सुतळी दुसरीला ओलांडून जायला नको. खुंट्या कशाही ठोकल्या, कितीही ठोकल्या, तरी असं जोडणं नेहमी जमतंच, हे सिद्ध करा.

निधीनं लिहिलं होतं: ‘कशाही जोडा. जिथं फुली दिसन ती सोडवा.’ खाली आकृती. लाल क निळ्या ख ला जोडलेला, लाल ग निळ्या घ ला, दोन्ही रेषा म या बिंदूत एकमेकींना छेदतात. बाण. आता क ला घ जोडला, ग ला ख. फुली गेली. ‘परत फुली दिसली, परत सोडवा. असं करत राहा.’ मग एक मोठी काट, आणि काटेच्या पलीकडे डाव्या समासात उभं: ‘दर वेळी सुतळी कमी लागते’, शेजारी दोन पिटुकले त्रिकोण. पान उलटलं तर मागं कोपऱ्यात: ‘तऱ्हा मोजक्याच. गेलेली तऱ्हा परत येत नाही. म्हणून थांबते. थांबली म्हणजे फुली नाही.’

एवढंच. मी तीनदा वाचलं. मग माझं डोकं तापलं.

कारण मला लगेच दिसलं, की एक फुली सोडवली की नव्या फुल्या तयार होऊ शकतात. मी पाच जोड्या काढून पाहिल्या. मधली फुली सोडवली, तर नवी रेषा शेजारच्या दोन रेषांवरून गेली. एक गेली, दोन आल्या! मग ही सोडवासोडव थांबेलच कशावरून? जन्मभर सोडवत बसा. म्हटलं, फसली पोरगी. चार प्रश्न सोन्यासारखे सोडवले आणि पाचव्यात आपटली. आणि ते सुतळीचं वाक्य? ते मी वाचलं होतं. हो, वाचलं होतं. पण ते मला गणित वाटलंच नाही. वावरातली गोष्ट वाटली. बापानं सांगितलं नव्हतं का, खुंट्या गाडून बसली होती म्हणून? म्हटलं, तिथली हकिकत लिहून ठेवली आहे पोरीनं, सुतळी कमी लागली, बरं झालं, वाचली.

नियमाप्रमाणे काय करायचं होतं? आहे तसं टाइप करायचं, खाली चौकट काढायची: ‘टंकलेखकाची शंका, ही क्रिया थांबेल हे कशावरून?’ दीड ओळीचं काम. आणि नाहीतर फोन करायचा. नंबर समोर होता.

मी फोन हातात घेतलाही होता. मग मनात आलं, काय सांगणार? बाई गं, तुझं चुकलं? उद्या शेवटचा दिवस. पोरगी रडेल, घाबरेल, काहीतरी भलतंच लिहून पाठवेल. आणि मला तर उत्तर येतं! पुस्तकातली रीत आहे, वर्षानुवर्षं शिकवली आहे. कागदावर सगळ्यांत खालची खुंटी घ्यायची. समजा ती लाल आहे. तिच्यापासून बाकीच्या खुंट्यांकडे पाहत एका बाजूनं मोजत जायचं, स्वतःला धरून लाल आली की एक वाढवायचा, निळी आली की एक कमी करायचा. मोजणी पहिल्यांदा शून्यावर येते ती निळ्या खुंटीपाशी. तिला जोडायचं. आता त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना लाल-निळ्या सारख्या उरतात, आणि प्रत्येक बाजूला तोच प्रश्न, पण लहान. झालं. स्वच्छ, निर्दोष, एक पान.

मी तेच टाइप केलं. मूळ आकृतीतली क, ख, ग, घ अक्षरं तशीच ठेवली, म्हणजे तिचंच वाटावं. तिची ती छोटी छोटी वाक्यंही ठेवली. ‘मोजत जा. शून्य आलं की थांबा.’ एवढी कलाकुसर! त्या दुपारी मी स्वतःवर फार खूश होतो.

अनुपमा चहा घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, “तिला विचारलं का?”

“विचारायचं काय त्यात? तिचं भलंच करतोय.”

“नाही, तिचं आहे म्हणून म्हटलं.”

“तुला गणितातलं काय कळतं?” मी म्हटलं. आणि सही केली. मी विद्यार्थ्याची रीत बदललेली नाही. उद्धव देशकर.

शनिवारी सकाळी प्रत गीतांजलीला पाठवली. तिनं निधीला मोबाइलवर दाखवली. अकराच्या सुमारास सहदेवच्या नंबरवरून फोन आला, बोलत होती निधी.

“सर, पाचवा बदलला.”

“अगं हो, तेच सांगणार होतो,” मी म्हटलं. “तुझ्या रीतीत खोट होती. एक फुली सोडवली की दुसऱ्या दोन पडतात. पाहिलंस का तू ते?”

“हाव सर, पडतात. पण सर, सुतळी...”

“सुतळी-बितळी काही नाही, निधी. सुतळीनं सिद्धता होते का? तिकडे मोठमोठे लोक तपासणार आहेत, हसतील तुला. हे बघ, मी घातली ती रीत पक्की आहे. शंभर टक्के. तू फक्त ती नीट पाठ करून ठेव. मुलाखतीला बोलावलं तर विचारतील.”

पलीकडे मागं कोंबडी ओरडत होती.

“म्हणजे माझं चूक होतं?”

“चूकच होतं, बेटा. पण होतं असं, वाईट वाटून घेऊ नकोस.”

“हाव सर,” ती म्हणाली.

गीतांजलीनं पाच वाजायच्या आत सगळं पाठवलं. मूळ कागद आणि माझी प्रत. तिनं दोन्ही जुळवून पाहिलं नाही. नंतर ती म्हणाली, “सर, तुमचं काम मी तपासायचं?”

सप्टेंबरात मुलाखतीचं पत्र आलं. आपल्या भागासाठी अकोल्याला, एका कॉलेजच्या वर्गात. मी आपण होऊन गेलो. म्हटलं, पोरीला धीर द्यावा. सहदेव नवा शर्ट घालून आला होता, निधीच्या वेण्यांना पांढऱ्या रिबिनी होत्या. गाडीत मी तिला पाचवा प्रश्न म्हणून दाखवायला सांगितला. तिनं घडाघडा म्हटला. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

“शाब्बास!” मी म्हटलं. सहदेवकडे पाहून म्हटलं, “काम झालं समजा.” मेल्या तोंडानं मीच म्हटलं हे.

ती आत गेली ती तासभर. आम्ही दोघं बाहेर बाकावर. सहदेव मला विचारत होता की तिकडे थंडी किती असते, स्वेटर किती लागतील, वरणभात मिळतो का. मी सगळ्याची उत्तरं देत होतो, जसा काही मी तिथं राहून आलो होतो.

निधी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. तिच्यामागून एक बाई आल्या, तिशीच्या, चष्मा लावलेल्या. “देशकर सर तुम्हीच ना? जरा आत याल? मी अदिती, परीक्षकांपैकी एक.”

आत टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक माझा, स्वच्छ, सुंदर. दुसरा तिचा, चिखलात लोळून आल्यासारखा.

“सर, सही तुमची आहे म्हणून बोलावलं,” अदिती म्हणाल्या. आवाज मऊ होता, त्यानंच मला जास्त धडकी भरली. “पाचव्याची रीत बदललीत तुम्ही.”

“चूक होती ती,” मी म्हटलं. “पोरीचं नुकसान होऊ नये म्हणून...”

“कुठे चूक होती?”

“एक फुली सोडवली की नव्या पडतात. ही क्रिया थांबेल कशावरून?”

त्यांनी पेन्सिल घेतली आणि निधीच्या कागदावरच्या त्या उभ्या ओळीवर टेकवली. दर वेळी सुतळी कमी लागते. मग शेजारच्या त्रिकोणांवर. एका त्रिकोणाची टोकं क, म, घ. दुसऱ्याची ग, म, ख.

आता एवढं दाखवल्यावर मलाही दिसणारच. एकतीस वर्षं शिकवलं आहे! त्रिकोणाची एक बाजू बाकीच्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा नेहमी लहान. म्हणजे क-घ ही क-म आणि म-घ मिळून जेवढी त्याहून लहान. ग-ख तशीच. दोन्ही मिळवा, म्हणजे नव्या दोन सुतळ्या जुन्या दोन सुतळ्यांपेक्षा कमी भरतात. फुल्या वाढोत, वाटेल तेवढ्या वाढोत! एकूण सुतळी दर वेळी कमीच होणार. आणि जोड्या लावायच्या तऱ्हा मोजक्या आहेत. सुतळी सतत कमी होते म्हणून गेलेली तऱ्हा परत येऊच शकत नाही. तऱ्हा संपणार, सोडवणं थांबणार, आणि थांबलं याचा अर्थच एकही फुली उरली नाही. पुरी सिद्धता. काही कमी नाही. मला फक्त ‘सुतळी’ काढून ‘लांबीची बेरीज’ लिहायचं होतं आणि त्रिकोण जरा मोठे काढायचे होते. तेवढ्यासाठीच तर मला कागद दिले होते.

मी खुर्चीवर बसलो. बसा म्हणाल्या नव्हत्या, तरी बसलो.

“दीडशेच्या आसपास अर्ज आले,” अदिती म्हणाल्या. “पाचवा प्रश्न ज्यांना आला त्यातल्या बहुतेकांनी तुमची रीत लिहिली, पुस्तकातली. ही रीत आपल्या मनानं काढणारी ही एकच मुलगी.”

“मग चूक माझी आहे, मॅडम. लिहून देतो. आत्ता लिहून देतो. तिला बोलवा, पुन्हा विचारा, तिलाच सांगू द्या.”

“तीनदा विचारलं, सर.” त्यांनी चष्मा काढला. “तिचाच कागद तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, इथे सुतळी कमी लागते असं लिहिलंयस, का लागते? ती म्हणाली, ते चूक आहे, सरांनी बरोबर करून दिलं. म्हटलं, चूक कुठे आहे ते दाखव. म्हणाली, माहीत नाही, पण चूक आहे. मग तुमची रीत विचारली, ती तिनं म्हणून दाखवली. मध्ये थांबवून विचारलं, शून्यापाशी निळी खुंटीच का येते? तर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली.”

मी माझ्या कागदाखालच्या सहीकडे पाहिलं.

“सही खोटी निघाली की अर्ज बाद होतो, तो नियमच आहे,” त्या म्हणाल्या. “तरी मी भांडले असते. खरंच भांडले असते. पण त्यासाठी तिनं एकदा तरी म्हणायला हवं होतं, की हे माझं आहे. ती नाही म्हणाली. जे आपलं नाही असं मुलगीच म्हणते, त्यावर मी तिला कशी नेऊ?”

मी हात जोडले. वयानं माझ्या मुलीएवढ्या बाईपुढे हात जोडले, आणि त्यानं काहीही झालं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नियम काही पाण्यानं पुसले जात नाहीत. त्यांनी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स मला दिल्या आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

बाहेर सहदेव उठून उभा राहिला. “झालं का, सर?”

“नाही झालं,” मी म्हटलं. “माझ्यामुळे नाही झालं.”

त्याला ते कळलंच नाही. “तुमच्यामुळे कसं, सर? तुमी तं एवढं केलं पोट्टीसाठी.” मी पुन्हा सांगितलं, सगळं सांगितलं, सही, नियम, तिची बरोबर रीत, माझी अक्कल. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “जाऊ द्या सर, नशीब राह्यते एकेकाचं.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अंगावर धावून आला असता तरी मी उभा राहिलो असतो. मान खाली घालून तो पाण्याची बाटली भरायला गेला, आणि तिथंच नळाशी उभा राहिला, बाटली भरून वाहू लागली तरी.

निधी बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो.

“निधी, तुझं बरोबर होतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“ऐक. सुतळी कमी लागते हे तुझं बरोबर होतं. मला समजलं नाही. मी मूर्ख, मला समजलं नाही, आणि मी तुला चूक म्हटलं.”

“राहू द्या, सर,” ती हळूच म्हणाली. “मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिले तुमी.”

“नाही गं! शप्पथ. हे बघ.” मी झेरॉक्स काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तिला तिचीच रीत समजावून सांगायला लागलो. क-म, म-घ. दोन त्रिकोण. लांबीची बेरीज. तऱ्हा मोजक्या. माझा आवाज चढला, वर्गात चढायचा तसा, जाणारी येणारी पोरं वळून पाहायला लागली. मला एकच हवं होतं, की तिनं एकदा म्हणावं, हाव, मी हेच तर सांगून राहिली होती. रागावून म्हणावं. माझ्या हातातून कागद ओढून घ्यावा आणि म्हणावं, द्या इकडे, माझा आहे.

तिनं पिशवीतून वही काढली. पेनाचं टोपण दातांनी ओढलं. आणि मी बोलत होतो ते एकेक वाक्य खाली मान घालून उतरवून घेऊ लागली, स्वच्छ, सरळ ओळीत, समास सोडून. कुठं बाण नाही, कुठं काट नाही. मी थांबलो तशी तीही थांबली.

“समजलं का, निधी?”

“हाव सर.”

“तुझंच आहे हे. कळतंय ना तुला?”

“हाव सर.” तिनं वही मिटली. मग जरा वेळानं, अडचण विचारावी तशा आवाजात तिनं मला विचारलं, “सर, मग आता पाठ कोणतं करू? हे का ते?”